दार उघडून बाजूला

पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत तिला सगळे धाकटी म्हणत. केस पिकू लागले, मुलगी कॉलेजात गेली, तरी धाकटीच. कारण मोठ्या बाई अजून होत्या. आज मोठ्या बाई निवृत्त होणार होत्या आणि त्यांच्या निरोप समारंभाचं प्रास्ताविक धाकटीच्या गळ्यात पडलं होतं.

गळ्यात पडलं असं म्हणायचं खरं, पण दुसऱ्या कोणी ते मागितलं असतं तर तिने दिलं नसतं. बाई उद्या पहाटे लेकीकडे कायमच्या राहायला जाणार होत्या. जे काही सांगायचं ते आजच सांगायला हवं होतं.

पंचाईत एवढीच होती की खात्यातली सगळी प्रास्ताविकं आजवर बाईच करत. त्यांच्याआधी हा मान हेडक्लार्कसाहेबांकडे असे. त्यांना खाजगीत ‘अखंड’ म्हणत. माइक हातात आला की ते उत्सवमूर्तीच्या जन्मापासून सुरुवात करत, आणि चहा थंड होऊन त्यावर साय धरली तरी उत्सवमूर्ती शाळेतच असे. एकदा तर त्यांनी प्रास्ताविकातच सगळे किस्से सांगून संपवले. मग गावाहून मुद्दाम आलेले जुने फिटर बोलायला उठले, खिशातला कागद उघडून पाहिला, “साहेबांनी सांगितलंच आहे सगळं,” म्हणाले आणि खाली बसले. पुढच्या समारंभापासून बाईंनी माइक आपल्याकडे घेतला.

“प्रास्ताविक म्हणजे दार उघडणं,” त्या धाकटीला सांगत. “कशासाठी जमलो ते सांगायचं, कोण कोण आलंय ते सांगायचं, ज्याचा समारंभ त्याच्याबद्दल मनापासून एक गोष्ट बोलायची आणि बाजूला व्हायचं. दार उघडणाऱ्यानेच दारात ठाण मांडलं तर पाहुणे आत येणार कसे?”

धाकटीला हे तोंडपाठ होतं. पण पाठ असणं वेगळं आणि बाईंसमोर उभं राहणं वेगळं. आठवडाभर तिने पानंच्या पानं लिहिली आणि फाडली. शेवटी तिने हुकमाचा पत्ता काढला, तो म्हणजे पेल्याची गोष्ट.

ही गोष्ट खात्यात सगळ्यांनी ऐकलेली, पण धड कोणालाच माहीत नव्हती. धाकटी नोकरीला लागण्याच्या आधीची. त्या वर्षी नदीला गाळ फार आला होता. बाई दिवसभर काचपात्रांची रांग मांडून, प्रत्येकात तुरटीचं प्रमाण वेगळं घालून, गाळ कशात नीट बसतो ते बघत होत्या. पाणी स्वच्छ झालं, पण क्लोरीन थोडं जास्त टाकावं लागलं, आणि पाण्याला वास येतो म्हणून गर्दी फाटकावर आली. बाई एकट्या बाहेर गेल्या, सगळ्यांदेखत पेलाभर पाणी प्यायल्या, आणि गर्दी पांगली. धाकटीने ती गोष्ट अशी रंगवून लिहिली होती की आरशासमोर म्हणताना तिला स्वतःलाच डोळे पुसावे लागले.

समारंभ गाळणी विभागाच्या वरच्या हॉलमध्ये होता. खाली पाणी पडल्याचा तोच आवाज येत होता, ज्याच्या सोबतीने ती आणि बाई इतकी वर्षं डबा खात आल्या होत्या. या आवाजात उद्यापासून एकटीनेच जेवायचं, हा विचार तिने मोठ्या कष्टाने बाजूला सारला.

माइक हातात घेऊन तिने पाहुण्यांचं स्वागत केलं आणि बाईंकडे पाहिलं. बाई मान खाली घालून पदराशी चाळा करत होत्या. दुसऱ्यांचे निरोप समारंभ लीलया पार पाडणारी ही बाई स्वतःच्या समारंभात नव्या नवरीसारखी अवघडली होती.

“एका वर्षी नदीला फार गाळ आला होता,” धाकटीने सुरुवात केली. “लोक फाटकावर आले होते...”

दुसऱ्या रांगेत पंपवाले काका बसले होते. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. आता काठी लागत होती, तरी दोन बस बदलून आले होते. बोलणाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव होतं. जन्मात माइक न धरलेला माणूस. सकाळी फोनवर म्हणाले होते, “पोरी, मला एकच गोष्ट येते. तेवढी सांगतो आणि बसतो.” कोणती, हे विचारायचं तिला सुचलं नव्हतं.

आता काकांचे ओठ हलत होते. तिच्या वाक्यांबरोबर हलत होते. मग ते हलायचे थांबले आणि काकांनी हळूच काठी बाकाखाली सरकवून ठेवली, उठायचं नसल्यासारखी.

अखंड साहेबांची गादी आपण चालवायला घेतली, हे धाकटीला कळून चुकलं. पण गोष्ट सोडली तर हातात उरतं काय? पुढची सगळी पानं त्या पेल्यावरच उभी होती.

तिने कागद दुमडले.

“पण ही गोष्ट माझी नाही,” ती म्हणाली. “मी तेव्हा इथे नव्हते. ज्यांची आहे ते दोन बस बदलून आले आहेत, आणि ती त्यांच्याच तोंडून ऐकायची आहे. माझ्याकडे सांगण्यासारखं एकच आहे. बाईंनी मला काम शिकवलं. आणि एका वर्षी ते काम नसतं, तर मी उभी राहिले नसते. काका, या.”

एवढंच. टाळ्या वाजवायच्या की नाही हे लोकांना कळेपर्यंत ती खाली येऊन काकांची काठी शोधत होती.

काकांनी माइक टॉर्चसारखा धरला. “पेला पेला म्हणतात सगळे,” ते म्हणाले. “पेला नव्हताच. बाई म्हणाल्या, पटकन पेला आणा. मला घाबरून सापडेना. मी माझ्या डब्याचं झाकण दिलं. बाईंनी फाटकावरच्या नळाचं पाणी त्यात घेतलं आणि प्यायल्या. एकजण ओरडला, येतोय की नाही वास? बाई म्हणाल्या, येतोय. पण कांद्याचा येतोय.”

सगळा हॉल हसत सुटला.

“तेव्हाही असेच हसले,” काका म्हणाले. “हसल्यावर माणूस भांडतो कशाला? गेले घरी. बाईंनी झाकण घासून परत दिलं मला. एवढंच सांगायचं होतं.”

बाई पदर तोंडाला लावून हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. इतक्या वर्षांत धाकटीने त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. आपण ती गोष्ट सांगितली असती तर हॉलमध्ये सगळे रडले असते, आणि बाई नुसत्या अवघडून बसल्या असत्या.

संध्याकाळी फुलं आणि भेटीची खोकी गाडीत ठेवून झाली. बाईंनी ड्रायव्हरला खोकी घेऊन पुढे जायला सांगितलं.

“आम्ही चालत येतो,” त्या म्हणाल्या.

फाटकाबाहेर आल्यावर धाकटी म्हणाली, “बाई, प्रास्ताविक फारच तोकडं झालं.”

“बेतशीर झालं. मी असते तर आणखी एक वाक्य बोलले असते आणि बिघडवलं असतं.” थोडं चालून त्या थांबल्या. “ते एका वर्षाचं म्हणालीस. तुझे यजमान गेले ते वर्ष ना?”

“हो. तुम्ही मला काहीच विचारलं नाहीत तेव्हा. रोज सकाळी फक्त नमुन्यांच्या बाटल्या माझ्या टेबलावर ठेवत होतात.”

“विचारायला हवं होतं का गं? मला कित्येकदा वाटायचं.”

“नको होतं. पण सांगायचं होतं मला. पुढे कधीतरी.”

बाईंनी हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि मोकळ्या हाताने तिचा हात धरला.

“मग सांग आता,” त्या म्हणाल्या. “लांबच्या रस्त्याने जाऊ. तुझ्यानंतर कोणाला बोलायचं नाहीये.”