पाच पाकळ्या

हणमकोंड्याच्या आमच्या मुलींच्या हॉस्टेलात हारिकाचे नकाशे प्रसिद्ध होते. सहा महिन्यांच्या वहीतलं वनस्पतिशास्त्र ती एका युनिटला एक कागद, असं उतरवायची. मधोमध विषय, त्यातून फांद्या, फांदीवर एकेक शब्द, शेजारी चित्र. परीक्षेच्या आदल्या दिवशी वह्या कोण चाळणार? सगळ्या मुली तिच्या पाच कागदांच्या झेरॉक्स काढून घ्यायच्या.

सुगुणा त्या पेपरात दोनदा नापास झाली होती. या वेळी नापास झाली तर बापाने घरी बोलावून घेतलं असतं.

सकाळी उपमा खाऊन दोघी गच्चीवर बसल्या. हारिकाने सांगितलं होतं तशी सुगुणा कागद पालथा घालून कोऱ्या पानावर आठवणीने काढत होती. जिथे अडेल तेवढंच उघडून बघायचं. तिसरं युनिट, प्रकाशसंश्लेषण. ती एकदाही अडली नाही. शेवटी कोपऱ्यातल्या फांदीवर तिने जास्वंदाचं फूल काढलं.

"अक्का, झालं! आता एवढं सांग, या पाच पाकळ्या कशाकशाच्या? तीन दिवस डोकं खाजवतेय. तू उगाच काढणार नाहीस."

ऊस-मक्याची पानं कार्बन कसा धरतात, हे वर्गात शिकवलं तेव्हा हारिका सिनेमाला गेली होती. नंतर वाचलं, पण कळलं नाही. फांदी रिकामी दिसू नये म्हणून तिथे फूल काढलं. सगळ्यांनी फुलाचंच कौतुक केलं होतं.

"सांग ना गं. मंद आहे मी, ठाऊक आहे तुला."

"मंद तू नाहीस." हारिकाची मान वर होईना. "त्या पाकळ्या कशाच्याच नाहीत. मला ते येत नव्हतं. झाकलं मी."

सुगुणा आपण काढलेल्या जास्वंदाकडे बघून म्हणाली, "आणि मी देठसुद्धा पाठ केला."

तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "पुस्तक आण."

दोघींनी ते पान चारदा वाचलं. कार्बन आधी बाहेरच्या पेशीत चार कार्बनांच्या आम्लात अडकतो, मग आतल्या पेशीत सुटतो, तिथे नेहमीचं चक्र चालतं. फांदीवर पाच शब्द बसले. ते सुगुणाने लिहिले.

"बाकीच्यांचं काय?" तिने विचारलं.

हारिका लाल पेन घेऊन खाली उतरली. पहिल्याच खोलीच्या दारात अनसूयाने आपली झेरॉक्स मागे ओढली.

"अगं, फुलावर कशाला रेघ मारतेस? छान आहे की!"

"छान आहे म्हणूनच," हारिका म्हणाली. मग आपल्याला काय येत नव्हतं, ते तिने सांगितलं. अजून अकरा दारं होती, आणि प्रत्येक दारात हेच पहिल्यापासून सांगायचं होतं.