परत येणारी शक्ती

२००५ च्या पुरात चंदगड पोलीस ठाण्याच्या वायरलेस खोलीत कोल्हापूरचा आवाज ऐकू येई, पण इथलं बोलणं कोल्हापूरला पोचत नसे. ऑपरेटर गणपतीनं दोन सेट बदलून पाहिले. तिसऱ्या दिवशी, तीन ठाणी हिंडून दमलेली तंत्रज्ञ संघप्रिया आली. तिनं सेट आणि अँटेनाच्या केबलमध्ये मीटर लावला. परत फिरणाऱ्या शक्तीचं माप, एसडब्ल्यूआर, एकच्या जवळ हवं; मीटर दाखवत होता तीन!

“सेट चांगला हाय, काका. पाठवलेल्या शक्तीतला चौथा हिस्सा परत येतोय. म्हणून सेट जपून, कमी जोरात बोलतोय.”

दुखऱ्या गुडघ्यांनी ती गच्चीवर चढली. केबलच्या मध्यावर टीव्हीच्या केबलचा तुकडा जोडलेला होता आणि जोडात पाणी शिरलं होतं.

“पन्नास ओहमच्या केबलला ही पंच्याहत्तरची कुणी जोडली? दोन्ही जुळत न्हाईत, शक्ती इथूनच मागं फिरतेय.”

“मीच की,” गणपती मान खाली घालून म्हणाला. “उंदरानं कुरतडली, दुसरी न्हवती. उन्हाळ्यात चाललं हुतं.”

रागवायचंही तिच्यात त्राण नव्हतं. तिनं सबंध नवी केबल टाकली. मीटर सव्वावर आला. गणपतीनं अडकलेल्या वाड्यांची नावं वाचली.

“सगळी मिळाली,” कोल्हापूर म्हणालं.

संघप्रिया भिंतीला टेकून खालीच बसली. अजून दोन ठाणी राहिली होती.