एक घर डावीकडं

माह्या जिभेले हाड नाई, असं सारं गाव म्हणते. म्हणू दे. त्याच जिभेच्या जोरावर अकोटच्या साहेबांकडून आमच्या बचत गटाची कामं करून आणली मी. बारा बायांचा गट, अध्यक्ष मी, पार्वताबाई, अन् सचिव जानरावची सून आचल. वह्या ती लिहिते, बँकेत ती जाते. मी सही करते अन् भांडते. असं बरं चाललं होतं आमचं.

त्या शनिवारी सकाळी अकोटच्या गीतांजली मॅडमनं गटाच्या व्हॉट्सअपवर एक फोटो टाकला. ह्या मॅडम आमच्या गटाचे कागद पाहतात. डाळ गिरणीसाठी कर्ज मागितलं होतं आमी, त्याच्या फाईलसाठी त्यांनी शुक्रवारी पासबुकात नोंदी छापून घेतल्या, पानाचा फोटो काढला अन् पासबुक फाईलीत लावून बँकेतच ठेवलं. खाली लिहिलं, "सगळ्या जणींनी बघून घ्या."

बघून घ्या म्हणे! काय बघावं बाप्पा? फोटो तिरपा, मधात ट्यूबलाईटची चकाकी. शाई तर अशी फिकी, की ठिपके मोजून आकडा जुळवा. त्या प्रिंटरची पट्टी सुकलेली असन, बँकेले काय घेणं हाये!

अर्ध्या घंट्यात व्हॉट्सअपवर गोदावरीचा बोललेला मेसेज आला. ती गटातली सगळ्यात मोठी तोंडाळ, माह्या खालोखाल. "अव माय! पाहा वो बायांनो, काढले या रकान्यात वीस हजार दिसून राहिले! कधी काढले? कोणाले दिले? आमाले काहून नाई सांगितलं?"

मी फोटो मोठा करून पाहिला. छापील रकाने होते पाच. तारीख, तपशील, काढले, जमा, शिल्लक. अन् काढलेच्या खाली स्वच्छ, म्हणजे जेवढं स्वच्छ दिसत होतं तेवढं, वीस हजार. त्याच्या वर चोवीसशे, त्याच्या खाली आणखी चोवीसशे. जमाच्या रकान्यात तर मोठेमोठे आकडे. सव्वीस हजार, शेहेचाळीस हजार. एवढा पैसा कुठून आला अन् शिल्लकचा रकाना कोरा काहून?

माहं तर डोकंच फिरलं. कारण पैसे काढायच्या स्लिपेवर दोघींच्या सह्या लागतात, अन् माही सही मी कोऱ्या स्लिपांवर आधीच करून ठेवते. कोण दर वेळी आचलच्या मागं अकोटले जाईल? गटातल्या साऱ्या बायांना हे ठावं. म्हणजे काढले असतील तर माह्याच सहीनं, अन् मले पत्ता नाई.

दुपारपर्यंत गावभर झालं. जानराव पारावर बसून सांगत होता म्हणे, "चोरटी सून मले घरात नको. उद्याच्या पहिल्या एसटीनं शेंदूरजनाघाटले तिच्या बापाच्या दारात सोडून येतो." जानरावचं तोंड लई खराब, पण शब्दाचा पक्का माणूस. बोलला म्हणजे करणार. अन् बँक तर दुसरा शनिवार, सोमवारशिवाय उघडणार नाई. सोमवारी खरं काई निघालं तरी एकदा माहेरी टाकलेली बाई गावात परत कशा तोंडानं येईल?

चारला देवळाच्या ओट्यावर बैठक ठरली. दोनला आचल माह्या दारात आली. पदर डोक्यावर, डोळे सुजलेले, हातात फोन अन् काखेत गटाची वही. विपुल, माहा पोरगा, आत खाटेवर लोळून मोबाईल पाहून राहिला होता.

"काहून आली?" मी म्हणलं. "माह्या सह्यांचा असा बाजार मांडलास तू?"

"काकू, मले काई बोलायचं नाई," ती म्हणे. "फक्त एकदा तुमी वाचा. वरतून खाली. घाई न करता."

"मले काय वाचता येत नाई का?"

"येते म्हणूनच म्हणते."

राग आला, पण चष्मा लावला. पोरीच्या आवाजात रडणं नव्हतं, म्हणून बसले.

पानाच्या वरच्या चार-पाच ओळी जुन्या, ठसठशीत. तारीख तारखेखाली, बाकी ज्याच्या त्याच्या घरात. शेवटच्या चांगल्या ओळीत शिल्लक तेवीस हजार सहाशे, अन् आकड्याच्या पाठीमागं बारीक इंग्रजी सी-आर. त्याच्या खाली शुक्रवारी छापलेल्या तीन फिक्या ओळी.

"तारीख कुठं हाये यांची?" मी विचारलं.

आचलनं फोन माह्याकडं आणखी सरकवला.

तारखेच्या घरात तारीख नव्हतीच. तिथं कॅश असं लिहिलेलं होतं. कॅश तर तपशिलात असते! मंग तारीख गेली कुठं? पानाच्या कडेले नुसतं वर्षाचं शेपूट दिसत होतं. बाकी तारीख पानाबाहेर.

अन् माह्या लक्षात आलं. पोलक्याची वरची गुंडी एक काज चुकली की खालच्या साऱ्याच चुकतात, तसं झालं होतं. त्या बँकवाल्यानं पासबुक प्रिंटरात उजवीकडं सरकवून घातलं, तं छपाई पानावर एक घर डावीकडं आली. तपशील तारखेखाली, जमा काढलेखाली, शिल्लक जमाखाली. म्हणून शिल्लकचं घर कोरं!

मी त्या मोठ्या आकड्यांच्या पाठीमागं पाहिलं. सव्वीस हजाराच्या मागं ठिपक्या ठिपक्यांत, दिसते-ना-दिसते, तोच सी-आर. तो काय असते मले ठावं नाई, पण वरच्या चांगल्या ओळींमध्ये तो शिलकेच्याच मागं होता, दुसऱ्या कोणत्याच आकड्यामागं नाई.

"अव पोरी!" मी ओरडलीच. "तेवीस सहाशे होते. त्यात चोवीसशे टाकले, बारा बायांचा हप्ता. झाले सव्वीस हजार. त्यात वीस हजार. झाले शेहेचाळीस. हे काढलेले नाईत वो, भरलेले हायेत! अन् वीस हजार कोणाचे? गोदावरीनं शेळ्या इकून गटाचे फेडले ते! सोताच्याच पैशाले चोरी म्हणून राहिली ती भवानी!"

मी टाळीच दिली. मले वाटलं आता आचल हसन. पण ती जमिनीकडं पाहत होती.

"तिसरी ओळ राहिली काकू," ती म्हणे.

तिसऱ्या ओळीत पुन्हा चोवीसशे. अन् त्याच्या पुढं आठ हजार चारशे, पण त्या आठाच्या आधी आणखी एक आकडा, फार फिका. सकाळी मी तो 'एक' म्हणून वाचला होता, अन् माही छाती फुगली होती. अठरा हजार चारशे, जमा. कारण तेवढेच पैसे विपुलनं भरले होते. आचल टायफॉईडनं पडली होती त्या महिन्यात. हप्त्याचे चोवीसशे, अन् तिघी जणींनी परत केलेले सोळा हजार, असे अठरा चारशे मीच त्याच्या हातात दिले होते. पावती आचलनं मागितली तं मी तिच्यावर खवळले होते, माह्या पोराकडून पावती मागते का म्हणून. बँकेचे मेसेज जात होते जुन्या सचिवाच्या बंद पडलेल्या नंबरवर. वहीत आचलनं अठरा चारशे लिहिले, माह्या शब्दावर.

पण दोन ओळी डावीकडं सरकल्या, तर तिसरी काय जाग्यावर राहते?

शेहेचाळीस हजारात चोवीसशे मिळवा. अठ्ठेचाळीस चारशे. तो फिका आकडा एक नव्हता. चार होता. जमा नव्हतीच ती, शिल्लक होती. त्या दिवशी बँकेत भरले होते नुसते चोवीसशे.

मी आत पाहिलं. विपुलचा अंगठा मोबाईलवर थांबला होता.

"विपुल, किती भरले होते रे?"

"सांगितलं ना आई. अठरा चारशे."

"सोळा हजार कुठं हायेत?"

तो उठून बसला. माह्याकडं पाहिलं, आचलकडं पाहिलं. मंग हळूच म्हणे, "भरणारच होतो. दिवाळीच्या आत. आई, तो आकडा कोणालेच दिसून नाई राहिला. एक हाये का चार, कोण सांगणार? सोमवारपर्यंत मी कुठूनबी सोय करतो. तू फक्त आज काई बोलू नको."

माह्या पोटचा पोट्टा. त्याचा बाप किसनराव, बाजारात कोणाचा रुपया जास्त आला तर सायकलवर परत देऊन येणारा माणूस. मले एकदम रडू आलं, अन् त्याच्यापेक्षा जास्त राग आला. त्याच्या हातातला फोन हिसकून खाटेवर फेकला मी.

"तुले कधी समजलं?" मी आचलले विचारलं.

"सकाळीच. फोटो आला तवाच."

"मंग गटात काहून नाई टाकलंस?"

"मी म्हणलं असतं, तं तुमी काय म्हणल्या असत्या काकू?"

खोटं कशाले बोलू? मी म्हणलं असतं, आपलं पाप माह्या पोराच्या अंगावर ढकलते का रांडे. असंच म्हणलं असतं. आचलले ते पक्कं ठावं होतं, म्हणून पोरगी सकाळपासून शिव्या खात बसली अन् मले वाचायले लावलं.

ओट्यावर साऱ्या जमल्या होत्या. जानराव खांबाले टेकून उभा. गोदावरी सुरू होणार होती, मी हात वर केला.

"आज मी वाचते. फोन काढा साऱ्या जणी. तारखेखाली काय लिहिलं पाहा."

एकेक ओळ वाचली. पोलक्याच्या गुंडीचं सांगितलं, तवा बायांच्या माना हलायले लागल्या. वीस हजाराचं आलं तवा गोदावरीनं पदर तोंडाले लावला. "अव, ते माह्या शेळ्यांचे का?" म्हणाली अन् खाली बसली. जानरावनं खांब सोडला. उभा राहायची ऐट गेली त्याची.

तिथंच थांबता आलं असतं. कोणी म्हणलंबी, "बरं झालं बाई, मिटलं एकदाचं." बाया उठायले लागल्या. तिसरी ओळ कोणालेच आठवत नव्हती. खाली रस्त्यावर विपुल गाडीवर बसून माह्याकडं पाहत होता.

"बसा खाली," मी म्हणलं. "तिसरी ओळ राहिली. तिथं चार हाये, एक नाई."

सारं सांगितलं. बेरीज करून दाखवली. रस्त्यावर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला अन् दूर गेला.

आचलनं वही उघडली. जुनी नोंद खोडली, खाली चोवीसशे लिहिले. मंग येणे असलेल्या पैशांचं पान काढलं, सोळा हजार लिहिले अन् पेन थांबवला. आमच्या वहीत पूर्ण नाव लिहायची रीत हाये, आपलं, बापाचं, आडनाव.

"काकू, नाव कसं लिहू?" तिनं खालच्या आवाजात विचारलं.

"विपुल लिही," मी म्हणलं. "त्याच्या बापाचं नाव नको लावू. तो मेलेला माणूस, त्यानं कोणाचं काई घेतलं नाई. पुढं पार्वताबाई लिही. पावती मागू दिली नाई, ती मीच."

तिनं लिहिलं. मी चष्मा लावून वाचून पाहिलं, अन् खाली सही केली.