धुतलेले फ्लास्क

माझी रेघ सरळ होती. आजही कुणी विचारलं तर तेच सांगेन, वर भांडेन.

एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी मला मिथिल रेडचा आम्ल-विघटन स्थिरांक काढायचा होता. हा रंग आम्लात तांबडा, आम्ल कमी झालं की पिवळा. प्रत्येक फ्लास्कात रंग तेवढाच, सोडियम ॲसिटेट तेवढंच. फक्त ॲसिटिक आम्ल कमी-जास्त. ॲसिटेट नि आम्लाच्या प्रमाणावरून हिशेबानं पीएच काढायचा. मग स्पेक्ट्रोफोटोमीटरवर दोन तरंगलांबींना शोषण मोजलं की तांबडा किती नि पिवळा किती ते कळतं. दोन्ही सारखे होतात तिथला पीएच म्हणजे उत्तर. पुस्तकात ते बरोबर पाच आहे.

प्रबंध मंजूर झाला की अमरावतीच्या कॉलेजात शिकवायची जागा माझी. नाहीतर घरी बसायचं, हे बाबांनी स्पष्ट सांगितलं होतं.

यंत्र अकोल्याच्या सरकारी प्रयोगशाळेत. पीएच थेट मोजणारं तिथलं मीटर मात्र बंद, त्याचा इलेक्ट्रोड फुटलेला. मे महिन्यात अमरावतीला द्रावणं करून मी गाडीत मांडीवर सांभाळत नेली. दिवसभर मोजलं. काम संपल्यावर एकूण एक फ्लास्क ओतून, घासून पालथा घातला. आमचं भिक्षुकाचं घर. परक्याच्या दारी खरकटं ठेवून उठणं आईनं शिकवलंच नाही. प्रयोगशाळेचे सूर्यभानसाहेब कौतुकानं म्हणाले, "असं टेबल अजून कोणी सोडलं नाही, बाई."

घरी आलेख काढला. सगळे बिंदू एका रेघेत, चढही हवा तसा बरोबर एक. उत्तर मात्र चार पूर्णांक आठ, पुस्तकापेक्षा दोन दशांश कमी.

रात्रभर डोकं फोडलं तेव्हा आठवलं. तोलताना ॲसिटेटचे खडे वरून खडूसारखे पांढरे पडले होते. कोरडे आहेत, बरंच झालं, असं मला वाटलं होतं. कसलं बरं? उन्हाळ्यानं त्यांच्यातलं पाणीच उडवलं होतं. तेवढ्याच वजनात ॲसिटेट जास्त गेलं. खरा पीएच माझ्या हिशेबापेक्षा वर होता.

माझे मार्गदर्शक मोरोपंत म्हणाले, "सगळे बिंदू दोन दशांश सरकव, कोण बघतंय?"

"पाणी किती उडालं ते मला माहीत नाही, सर. मग दोनच कशावरून?"

ते मोजायला ॲसिटेटची बरणी उघडली, तर पावसाळी हवेनं खडे पुन्हा ओले झालेले. पुन्हा प्रयोग करावा, तर यंत्र तोवर दिल्लीला गेलेलं. मला रडूच आलं.

तोंडी परीक्षेला परीक्षक म्हणून सूर्यभानसाहेबच आले. मी पाण्याचं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"पटते मले. पण पुरावा काय देता?"

मी नुसता आलेख त्यांच्यापुढे सरकवला.

"काहून धुतले हो फ्लास्क?" ते हळूच म्हणाले. "तुमी गेल्या त्याच संध्याकाळी मीटरचा नवा इलेक्ट्रोड आला."

आणि त्यांनी नामंजूर लिहिलं.