मुंगीच्या यादीत नसलेलं काम

शिफारसपत्रांचा मला मनापासून राग आहे. नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाची इनचार्ज सिस्टर म्हणून मी इतक्या मुली निवडल्या, की 'मेहनती, प्रामाणिक, मनमिळाऊ' असं एका ओळीत दिसलं की मी कागद बाजूलाच ठेवते. मनमिळाऊ तर माझी धाकटी जाऊही आहे. तिच्या हातात मी साधा थर्मामीटर देणार नाही.

म्हणून मुंगीचा फोन आला तेव्हा मी आधीच बजावलं, "तुझं नुसतं गुणगान मी करणार नाही. जागेची जाहिरात पाठव, अर्ज पाठव, आणि इथे काय काय केलंस त्याचे मुद्दे पाठव. पत्र माझं मी लिहीन."

मुंगी हे तिचं वॉर्डातलं नाव. अंगाने एवढीशी, आणि तिला बसलेलं कुणी पाहिलं नाही. नवऱ्याची बदली झाली म्हणून ती नोकरी सोडून गेली. नव्या गावात दोन ठिकाणी मुलाखतीपर्यंत जाऊन परत आली होती आणि आता एका खाजगी दवाखान्यात पेशंटना नंबर देत बसत होती. ते ऐकून माझ्या डोक्यात तिडीक गेली. तिथल्या मुलांच्या मोठ्या रुग्णालयात सिस्टरना शिकवणारी जागा निघाली होती. ही गेली तर पुन्हा कधी निघेल याचा नेम नव्हता.

पत्राचा पहिला भाग सरळ उतरला. आयांनी काढून ठेवलेल्या दुधाच्या बाटल्या आमच्याकडे एकाच फ्रिजमध्ये असत. एकदा एका बाळाची बाटली दुसऱ्याला जाता जाता राहिली. मुंगीने तेव्हा पद्धत घालून दिली: दूध देण्याआधी दोघींनी बाटलीवरचं लेबल आणि बाळाच्या पायातली पट्टी मोठ्याने वाचायची. मुली कुरकुरल्या. ती कुणावर ओरडली नाही. रोज आपली पाळी संपली की थांबायची आणि पुढच्या पाळीतल्या मुलींबरोबर स्वतः वाचायची, सवय होईपर्यंत. तशी वेळ माझ्यासमोर पुन्हा आली नाही. हे सगळं मी लिहिलं. वाचणाऱ्याला बाई डोळ्यासमोर दिसली पाहिजे, नाहीतर पत्र कशाला?

मग जाहिरातीची शेवटची ओळ वाचली. ज्यांचं बाळ वाचणार नाही अशा कुटुंबांना आधार देण्याचा अनुभव असल्यास प्राधान्य, असं तिथे होतं. मी मुंगीची यादी पुन्हा पाहिली. आईबापांना बाळाजवळ शेवटचं बसता यावं म्हणून केलेल्या निरोपाच्या खोलीचा त्यात उल्लेखच नव्हता.

ती खोली मुंगीने उभी केली. तिच्या हातून झालेलं सगळ्यात मोठं काम तेच. पूर्वी आमच्याकडे शेवटच्या वेळीही आईबाप काचेबाहेर असायचे, नियमच तसा होता. मग माझी नात जन्मली, फार लवकर, आमच्याच वॉर्डात. घरच्या माणसाची ड्यूटी आपण करत नाही, म्हणून मी बाहेर मुलाजवळ होते. डॉक्टरांनी आता काही करण्यासारखं उरलं नाही असं सांगितलं, तेव्हा मुंगीने त्यांना विचारून बाळाला आणि माझ्या सुनेला चादरींच्या खोलीत नेलं. दार असलेली तेवढी एकच जागा होती. मुलाला आत जाववलं नाही. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "शांतपणे गेली, सिस्टर. आई जवळच होती."

त्यानंतर तिने ऑफिसचे उंबरे झिजवून ती खोली मिळवली. रुंद खुर्ची आणली, पडदा लावला. नळ्या कधी काढायच्या, आईबापांजवळ कुणी थांबायचं, हे सगळं लिहून एकेका सिस्टरला शिकवलं. आणि यादीतून तेच गाळलं. कुणासाठी गाळलं हे मला कळत होतं.

मी फोन लावला. "खोलीचं का नाही लिहिलंस?"

"राहू दे ना सिस्टर. बाकी पुष्कळ आहे."

"बाकी पुष्कळांकडे आहे. हे तुझ्याकडेच आहे."

मीच फोन ठेवला आणि तो परिच्छेद लिहायला घेतला. नुसतं 'तिने खोली सुरू केली' लिहून भागणार नव्हतं. ती कशातून सुरू झाली ते सांगायला हवं होतं. पण रुग्णाची हकिकत घरच्यांच्या परवानगीशिवाय लिहिता येत नाही, आणि इथे घरची माणसं माझ्याच स्वयंपाकघरात होती. आमच्या घरात बाळाचा विषय निघत नसे. मुलगा तर टीव्हीवर तान्हं मूल दिसलं तरी उठून जायचा.

मुलगा कामावर गेल्यावर मी तो कागद सुनेपुढे ठेवला. "नको म्हणालीस तर फाडून टाकेन. मला राग येणार नाही."

तिने ओले हात पुसले आणि उभ्यानेच वाचला. मग म्हणाली, "आई, हे वाक्य चुकलंय."

"कुठलं?"

"बाळ आईच्या मांडीवर गेलं, हे." तिने कागद खाली ठेवला. "मी घेतलंच नाही तिला."

मी खुर्ची ओढून बसले.

"त्यांनी पुढे केली, तर मी हात मागे घेतले. वाटलं, मी घेतली की संपलंच. त्या म्हणाल्या, 'ठीक आहे ताई. तुम्ही तयार झालात की सांगा, तोवर मी धरते.' मग काही बोलल्या नाहीत. मी भिंतीकडे बघत होते. मी तयार झालेच नाही, आई."

"कधी बोलली नाहीस गं."

"तुम्ही सगळ्यांना सांगायचात, निदान आईच्या कुशीत गेली. ते ऐकून ह्यांनाही बरं वाटायचं. मग मी काय बोलणार?"

खरंच सांगायचे. येईल त्याला सांगायचे, तिच्यादेखत. मला वाटायचं, मी तिला सावरते आहे.

"मी ते वाक्य काढून टाकते," मी म्हणाले. "कुणाला कळणार नाही."

"काढू नका. खरं काय ते लिहा. मी घेतली असती तर तिथे कुणीही सिस्टर चालली असती. त्या होत्या म्हणून..." डोळे पुसून ती म्हणाली, "ह्यांना मी सांगते आज."

तिने काय सांगितलं ते मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मुलगा कामावर गेला नाही, आणि दोघांचे डोळे सुजले होते.

मी लिहिलं: 'हे कुटुंब माझं आहे, आणि बाळाच्या आईच्या संमतीने हे सांगते आहे. आईला बाळ घेणं जमलं नाही. या सिस्टरने आग्रह केला नाही, समजूत घातली नाही. बाळाला शेवटपर्यंत स्वतःच्या हातात ठेवलं, आणि आईला जे जमलं नाही ते कुणालाही, मी तिची वरिष्ठ असूनही मला, कळू दिलं नाही. आमची निरोपाची खोली यातून झाली. तिथला पहिला नियम तिचा आहे: आईला घाई करायची नाही.' सही केली आणि पत्र थेट रुग्णालयाला पाठवलं.

महिनाभराने मुंगीचा फोन आला. "मिळाली जागा, सिस्टर." आणि रडायलाच लागली. "त्यांनी मुलाखतीत तो परिच्छेद वाचून दाखवला. ताईंनी वाचलंय ते?"

"तिनेच लिहायला लावलं."

सून शेजारी येऊन उभी होती. तिने हात पुढे केला, मी फोन दिला. अभिनंदन वगैरे काही ती म्हणाली नाही.

"एक विचारायचं होतं," ती म्हणाली. "तुम्ही धरली होती तिला. कशी लागत होती हाताला?"

मग मुंगीचा आवाज मलाही ऐकू आला.

"हलकी होती, ताई. पण उबदार होती. माझ्या डाव्या हातावर होती, डोकं इथे कोपरात."

सुनेने फोन उजव्या हातात घेतला आणि डावा हात हळूच कोपरात वाकवला.