भागवतांची गुळणी

खेळाच्या दिवशीच यक्षगान या कानडी नृत्यनाट्याचे गायक सुब्राय भागवत यांचा आवाज बसला. ते मिठाच्या गुळण्या करत, वाफ घेत आणि दर वेळी गुण आला का ते बघायला वरच्या पट्टीत तान मारत.

“गुळणीचं पाणी स्वरयंत्रापर्यंत पोचतच नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पोचलं तर ठसका लागेल. वाफेनंही नुसता आराम वाटतो. आवाज सुधारायचा तर गप्प बसा.”

“गप्प? मी?”

“तोंडात तीच गुळणी धरून बसा!” बायको वाग्देवी म्हणाली.

रात्री बदली गायक ताल चुकला. शेजारी बसलेले सुब्राय ताडकन उठले. शिवी ओठांवर आली. पण तोंड उघडलं तर पुढ्यात मद्दळे हा ढोल वाजवणाऱ्याला खारी आंघोळ. गाल फुगवून ते मुकाट खाली बसले.