सहा हजार गेले कुठे?

दादाने सकाळी साडेनऊला टोलच्या वॉलेटमध्ये दोन हजार टाकले. बँकेचा मेसेज आला, खात्यातून दोन हजार गेले. वॉलेट उघडून बघितलं, तर शिल्लक एकशे बारा. जशीच्या तशी, ढिम्म.

आता शहाण्या माणसाने काय करावं? जरा थांबावं. दादाने पुन्हा दोन हजार टाकले. पुन्हा मेसेज, पुन्हा एकशे बारा. मग बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, "झालं का?" तिच्यासमोर नाही कसं म्हणायचं, म्हणून तिसऱ्यांदा टाकले. खात्यात उरले एकोणऐंशी. रागाने मोबाइल बंद करून चालू करणं हा त्याचा एकमेव इलाज होता, तोही करून झाला.

नवी व्हॅन घेऊन त्याला तीन आठवडे झाले होते. त्याआधी तेरा महिने तो दुसऱ्याची गाडी पगारावर चालवत होता. आज बेकरीचं काम सुरू व्हायचं होतं. तीन वाजता पाव भरायचे, टोलनाका ओलांडून पलीकडच्या दुकानांत पोचवायचे. नाक्यावर रोख चालत नाही, वॉलेटमध्ये पैसे असले तरच फाटक वर जातं, आणि एका फेरीचा टोल होता दोनशे चाळीस. बेकरीच्या मॅनेजरने स्वच्छ सांगून ठेवलं होतं, पहिल्याच दिवशी उशीर झाला तर दुसरा गाडीवाला तयार आहे. गाडीचे हप्ते त्याच कामावर भरायचे होते.

तेवढ्यात फोन वाजला. धाकट्या भावाचा. दादाने कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. चौदा महिने ज्याच्याशी बोललो नाही, त्याला आजच मुहूर्त सापडावा, याचा त्याला संतापच आला.

भांडण कशावरून, तर ब्रेकच्या पॅडवरून. दोघे मिळून जुनी व्हॅन चालवायचे. ते बदलायचे कोणी, यावरून सुरुवात झाली आणि दादा बोलून गेला, "माझ्या जिवावर बसून खातोस." धाकट्याने व्हॅनची किल्ली मागितली, दादाने फेकली. कागद धाकट्याच्याच नावावर होते, गाडी तो घेऊन गेला. तोंडातून गेलेला शब्द दादाला नंतर बराच काळ टोचत राहिला, पण तो परत घ्यायला जाणार कोण?

बँकेत चष्मेवाल्या बाईंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि खात्याचा उतारा छापून दिला. दादाने तो उलटा धरला. बाईंनी सरळ करून दिला.

"पैसे अडकून पडले असते तर इथे तसं दिसलं असतं," त्या म्हणाल्या. "परत आले असते तर जमेची ओळ दिसली असती. तसलं काहीच नाही. तिन्ही व्यवहार पूर्ण झालेत."

"मग वॉलेटमध्ये का नाहीत?"

"ते आम्हाला दिसत नाही हो. प्रत्येक व्यवहाराला हा बारा आकडी संदर्भ क्रमांक असतो. हे तिन्ही घेऊन वॉलेटवाल्यांकडे जा. नुसतं 'पैसे गेले' म्हणू नका, क्रमांक दाखवा. आणि आता चौथ्यांदा टाकू नका."

चौथ्यांदा टाकायला होतं काय? दादा ओशाळला आणि उताऱ्याची घडी करून निघाला. बँक म्हणते दिले, वॉलेट म्हणतं मिळाले नाहीत. दोघांतला एक खोटं बोलत असणार, एवढंच त्याला कळत होतं. वाटेत त्याने तिसरी शक्यताही धरली, की आपल्याला वेड लागलंय.

टोलनाक्याच्या मदत-खिडकीवर बसलेल्या मुलीने आधी त्याचा वॉलेट क्रमांक टाकला. "तुमच्या वॉलेटला आज काहीच जमा नाही."

"हा बघा उतारा. तीनदा गेलेत."

तिने संदर्भ क्रमांक टाकला. बराच वेळ पडद्याकडे बघितलं. दुसरा टाकला, तिसरा टाकला.

"पैसे आलेत," ती म्हणाली.

"आलेत ना? मग दाखवा."

"वॉलेटमध्ये जमा झालेत. पण तुमच्या नाही. ज्यात गेलेत त्याचे शेवटचे आकडे चार-चार-सात-एक. तुमचे आहेत नऊ-शून्य-तीन-दोन."

दादाला काही उमजेना. आपण तर आपल्याच गाडीत टाकले. गाडी एक, मोबाइलच्या यादीत नाव एक. दुसरं आलं कुठून?

"तुमच्या मोबाइलवर पैसे कुठल्या नावाने टाकता, ते दाखवा," मुलगी म्हणाली.

त्याने बँकेचं अॅप उघडून साठवलेली यादी दाखवली. त्यात एकच नाव होतं, 'घरची गाडी'. तिने त्यावर बोट ठेवलं, तसा खाली पूर्ण क्रमांक उघडला. शेवटी चार-चार-सात-एक.

हे नाव धाकट्याने घालून दिलं होतं. मोबाइलचं सगळं तोच बघायचा. दादाने फक्त त्या नावावर बोट ठेवायचं, ही वर्षानुवर्षांची रीत. नव्या गाडीचे पहिले पैसे काचेवर टोलचा टॅग चिकटवणाऱ्यानेच भरून दिले होते, त्यामुळे नवा क्रमांक यादीत घालायचा असतो, हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. सहा हजार जुन्या व्हॅनला गेले होते.

"मग काढून इकडे टाका की," तो म्हणाला.

"आम्हाला काढता येत नाहीत. ज्यांचं वॉलेट आहे, त्यांची संमती लागते. त्यांना ओळखता का?"

ओळखतो का? दादा खिडकीपासून बाजूला झाला. घड्याळात पाऊण वाजला होता. मॅनेजरला फोन करून काम सोडावं, असंही मनात येऊन गेलं. ते सोपं होतं. पैसे मागायला फोन करायचा म्हणजे आधी नाक घासायचं, आणि तेही ज्याला आपण 'बसून खातोस' म्हणालो त्याच्यापुढे. पण हप्ते नाकावर भरता येत नाहीत. त्याने फोन लावला.

पहिल्याच घंटीला उचलला गेला.

"बोल," धाकटा म्हणाला.

"ते... सकाळी तुझ्या वॉलेटमध्ये काही पैसे आले का?"

"तीनदा आले."

"चुकून गेले रे."

"माहीत आहे. तू मुद्दाम थोडाच पाठवणार? तिसऱ्या वेळी आले तेव्हाच कळलं, हा वेडा आता चौथ्यांदा टाकणार. तेच थांबवायला फोन केला होता. दोनदा केला, तू दोनदा कापलास."

सकाळी कापलेले ते दोन फोन दादाला आठवले.

"एकाही रुपयाला हात लावलेला नाही," धाकटा पुढे म्हणाला. "म्हटलं, माझ्याशी बोलायला नाही, तर पैसे मागायला तरी फोन करशील. सकाळपासून फोन हातात धरून बसलोय."

उताऱ्याच्या कागदाची घडी दादाने पुन्हा उघडली, पुन्हा घातली.

"ते बसून खाण्याचं बोललो होतो," तो अखेर म्हणाला, "ते चुकलंच माझं."

"कुठे आहेस?" धाकट्याने विचारलं.

"नाक्याच्या खिडकीवर. तीनला पाव भरायचेत."

"आलो."

अर्ध्या तासात जुनी व्हॅन खिडकीपाशी लागली. धाकट्याने संमतीच्या कागदावर सही केली. मुलगी म्हणाली, पैसे वळते व्हायला दोन-तीन दिवस लागतील. तेव्हा धाकट्याने आपल्या बँकेतून दादाच्या वॉलेटमध्ये हजार टाकले, तेही दादाकडून क्रमांक दोनदा वाचून घेऊन. दादाने वॉलेट उघडलं. अकराशे बारा.

मग धाकट्याने दादाचा मोबाइल घेतला आणि यादीत नवं नाव घालायला बसला.

"जुनं काढून टाकू? नाहीतर पुन्हा घोटाळा करशील."

"राहू दे," दादा म्हणाला. "नव्या गाडीला दुसरं काही नाव दे. घरची गाडी तीच."